धडक नाळेची, लढाई तलवारीची

सिनेमात वल्ह्यांची गलबतं लढताना दिसली की एकच दृश्य ठरलेलं असतं. एक जहाज भरधाव येतं, पितळी चोच समोरच्याच्या बरगडीत घुसवतं आणि समोरचं जहाज क्षणात तळाला जातं. प्रत्यक्षातली धडक याहून नाजूक काम होतं, आणि तिच्यानंतर जे घडायचं त्यावरच अनेकदा जय-पराजय ठरायचा.

इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेन्सचं ट्रायरीम घ्या. लांबी साधारण 37 मीटर, आणि इतक्या लांबीला रुंदी जेमतेम साडेपाच मीटर. आत एकावर एक अशा तीन रांगांत 170 वल्हेकरी बसायचे. वर लढणारे मात्र फार थोडे, दहा भालाईत आणि चार तिरंदाज. म्हणजे सगळा भर वेगावर आणि वळण्यावर. 1987मध्ये ग्रीसमध्ये ‘ऑलिंपियास’ नावाचं असं जहाज नव्यानं बांधून चालवून पाहिलं, तेव्हा थोड्या वेळापुरता का होईना, त्यानं सुमारे 9 नॉटचा, म्हणजे ताशी 16-17 किलोमीटरचा वेग गाठला.

नाळेच्या तळाशी, पाण्याच्या रेषेला बसवलेली धडकचोच कांस्याची ओतीव असे. 1980मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर अथलित इथे अशी एक चोच सापडली. तिची लांबी सव्वादोन मीटर, वजन 465 किलो, आणि आत जहाजाची लाकडं अजून शाबूत होती. तिचं टोक भाल्यासारखं अणकुचीदार नाही. पुढे तीन आडव्या जाड पात्या आहेत आणि त्या बोथट आहेत. त्या काळी जहाजाच्या फळ्या एकमेकींना कुसाच्या सांध्यांनी जोडलेल्या असत. बोथट पात्यांचा दणका बसला की हे सांधे निखळायचे, फळ्या फाकायच्या आणि पाणी आत शिरायचं. टोकदार चोच आरपार घुसली असती तर तिथेच अडकून बसली असती.

अडकणं ही खरी धास्ती होती. धडक मारणाऱ्या कप्तानाला वेगाचा अंदाज अचूक लागायचा. वेग कमी पडला तर फळ्या तग धरायच्या, जास्त झाला तर चोच रुतायची. म्हणून धडक बसताच वल्हेकरी उलटी वल्ही मारून जहाज मागे खेचायचे. त्यासाठी 170 माणसांनी एकाच हुकमावर हात फिरवायला हवेत, आणि ही सवय महिनोन्महिने समुद्रावर घासल्याशिवाय येत नाही. शत्रूच्या रांगेतल्या फटीतून पलीकडे निसटायचं, झटकन वळायचं आणि त्याच्या कुशीत किंवा पिछाडीला शिरायचं, हा अथेन्सचा आवडता डाव होता. त्याला मोकळं पाणी लागायचं. इ.स.पू. 413मध्ये सिराक्यूजच्या बंदरात जागाच नव्हती. तिथल्या लोकांनी आपल्या नाळा जाड लाकडांनी मजबूत केल्या, समोरासमोर टकरा दिल्या, आणि अथेन्सचं कसब वाया गेलं.

आता दुसरी बाजू. लाकडी, हलकं जहाज भोक पडलं तरी सहसा तळाला जात नाही. ते पाण्यानं भरतं, खाली बसतं आणि तरंगत राहतं. विजेते अशी जहाजं ओढून नेत. मोडकं जहाज ओढून नेण्यापेक्षा धडधाकट जहाज वल्हेकऱ्यांसकट हाती लागलं तर केव्हाही चांगलं. ते पकडायचं तर त्यावर माणसं उतरवायला हवीत. त्यातच धडकेनंतरच्या काही क्षणांत दोन्ही जहाजं एकमेकांना चिकटून थांबलेली असत. ज्याच्याकडे लढवय्ये जास्त, त्याला अशा वेळी वल्हेकऱ्यांच्या कसबाची गरज उरत नसे.

हे सगळ्यांत चांगलं ओळखलं रोमनांनी, आणि त्यांना ते ओळखावंच लागलं. सिसिलीसाठी कार्थेजशी जुंपली तेव्हा त्यांच्याकडे मोठं आरमार नव्हतं. पॉलिबियस सांगतो की किनाऱ्याला लागलेलं एक कार्थेजी जहाज नमुना म्हणून घेऊन त्यांनी शंभर मोठी जहाजं बांधली, आणि ती तयार होईपर्यंत वल्हेकऱ्यांना जमिनीवर बाकांवर बसवून हात एकत्र फिरवायला शिकवलं. अशी माणसं पिढ्यान् पिढ्या दर्यात मुरलेल्या कार्थेजी कप्तानांशी धडकेच्या डावात टिकणं अशक्य होतं.

मग त्यांनी नाळेवर एक पूल बसवला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘डोमकावळा’. रचना अशी. नाळेवर सुमारे सात मीटर उंच खांब, त्याच्या माथ्याला कप्पी. खांबाभोवती फिरणारी अकरा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद फळी, दोन्ही कडांना गुडघाभर उंच कठडा. फळीच्या टोकाखाली मुसळासारखा लोखंडी सुळा आणि वर कडी. कडीतून गेलेला दोर कप्पीवरून खेचला की फळी उभी राही. शत्रू जवळ आला की ती त्याच्या बाजूला फिरवून दोर सोडायचा. फळी धाडकन खाली येई, सुळा त्याच्या तक्तपोशीत रुते आणि दोन जहाजं खिळली जात. बाजूला बाजू लागली असेल तर सैनिक सगळीकडून उड्या घेत. नाळेला नाळ भिडली असेल तर दोघादोघांच्या रांगेनं पुलावरून जात, पुढचे दोघे ढाल समोर धरून, मागचे ढालीची कड कठड्यावर टेकवून.

इ.स.पू. 260मध्ये मायलीजवळ गायस डुइलियसचा ताफा आणि कार्थेजची 130 जहाजं समोरासमोर आली. कार्थेजी सेनापती हॅनिबल (आल्प्स ओलांडणारा तो हा नव्हे) रोमनांना कच्चे समजून रांगही न लावता पुढे सरसावला. नाळेवर उभी ती विचित्र लाकडं पाहून त्याची माणसं जरा चक्रावली, पण थांबली नाहीत. पुढची तीस जहाजं भिडताच खिळली गेली आणि तक्तपोशीवर जमिनीवरचीच लढाई सुरू झाली. त्या लढाईत रोमन शिपायाला तोड नव्हती. तीसही जहाजं गेली, त्यात खुद्द सेनापतीचंही होतं. तो छोट्या होडीतून निसटला. उरलेल्यांनी वेगाचा फायदा घेऊन कुशीतून आणि पिछाडीकडून यायचा प्रयत्न केला, पण फळी तिकडेही वळायची. कार्थेजनं एकूण पन्नास जहाजं गमावली.

चार वर्षांनी एक्नोमसला रोमनांच्या मोठ्या जहाजावर 300 वल्हेकरी आणि 120 सैनिक होते. ट्रायरीमवरच्या चौदांशी हा आकडा ताडून पाहावा. त्या दिवशी कार्थेजची तीसहून थोडी अधिक जहाजं बुडाली, आणि 64 पकडली गेली. रोमनांचं एकही जहाज शत्रूच्या हाती लागलं नाही.

मात्र एवढं वजन नाळेवर वागवायचं म्हणजे खवळलेल्या समुद्रात जहाज अस्थिर होणार. इ.स.पू. 255मध्ये सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या 364 जहाजांपैकी फक्त 80 वाचली. पॉलिबियस दोष देतो तो सुकाणूवाल्यांचा सल्ला धुडकावणाऱ्या सेनापतींना. पुलाचं वजनही नडलं असावं, असं आजच्या अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. एक्नोमसनंतर डोमकावळ्याचा उल्लेखच सापडत नाही.

मध्ययुगापर्यंत पाण्याखालची चोचही गेली. आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकायची रीत आल्यावर नुसत्या दणक्यानं जहाज उकलेना, हे त्याचं एक कारण मानतात. भूमध्य समुद्रातल्या गॅलीला आता पाण्याच्या वर पुढे आलेला लांब सुळका असे. त्यानं शत्रूची वल्ही मोडायची, त्याच्या काठावर चढायचं आणि त्यावरूनच माणसं पलीकडे धाडायची. आधी बाणांचा वर्षाव करून समोरची तक्तपोशी रिकामी करायची आणि मगच उड्या घ्यायच्या, हा क्रम ठरून गेला.

गॅलींची शेवटची मोठी लढाई 7 ऑक्टोबर 1571ला लेपांतोला झाली. तोवर नाळेवर तोफा आल्या होत्या. ख्रिस्ती ताफ्याचा सेनापती डॉन हुआन यानं लढाईआधी आपल्या गॅलींचे सुळके करवतीनं कापून टाकायला लावले, कारण ते तोफांच्या तोंडाआड येत आणि गोळा खाली, शत्रूच्या अंगावर टाकता येत नसे. तरी निकाल लागला जुन्याच पद्धतीनं. त्याचं जहाज आणि तुर्की सेनापती अली पाशाचं जहाज नाळेला नाळ लावून भिडलं, दोन्हीकडून मागच्या गॅलींतून ताज्या दमाचे शिपाई चढत राहिले, आणि अली पाशा मारला गेल्यावरच त्याचं जहाज पडलं. त्या दिवशी शंभराहून जास्त तुर्की गॅली विजेत्यांच्या हाती आल्या, आणि त्यांच्या बाकांना साखळ्यांनी बांधलेले हजारो ख्रिस्ती वल्हेकरी सुटले.