दोन दिवसांत तीनच गणपती

अष्टविनायकाच्या सहलींच्या जाहिराती बहुधा एकाच साच्याच्या असतात: दोन दिवस, एक मुक्काम, आठही गणपती. पुण्याहून निघून परत येईपर्यंत रस्ता ६०० किलोमीटरच्या वर जातो. बसचा सरासरी वेग ताशी ४० धरला तरी १५ तास नुसते बसून काढायचे. पंचाहत्तरीच्या माणसाचे पाय पहिल्याच संध्याकाळी सुजतात आणि दुसऱ्या दिवशी देऊळ आलं तरी त्याला खाली उतरावंसं वाटत नाही. म्हणून ज्येष्ठांसाठीच्या सहलीचं पत्रक वाचताना ‘काय काय दाखवणार’ यापेक्षा ‘काय काय गाळलंय’ हे आधी बघावं.

शनिवार-रविवारची एक चांगली आखणी अशी होऊ शकते. सकाळी साडेसातला पुणे सोडायचं, म्हणजे रोजचा चहा, शौच आणि गोळ्या घरीच नीट आटोपतात. मोरगाव ६५ किलोमीटरवर आहे. वाटेत सासवडला पहिला थांबा. रक्तदाबावर लघवीचं औषध घेणारे बरेच जण प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत किंवा गोळी चुकवतात. दोन्ही घातक आहे. दर दीड तासाला थांबा, तिथे कमोडचं स्वच्छतागृह, आणि हे दोन्ही पत्रकात लिहिलेलं, असं असेल तर ही वेळच येत नाही.

सासवडनंतर जेजुरी लागते, आणि बऱ्याच आखण्या इथेच फसतात. ‘जाता जाता खंडोबा’ ऐकायला गोड वाटतं, पण गडाच्या पायऱ्या चढून उतरण्यात गुडघ्यांची दिवसभराची शक्ती संपते. या सहलीत जेजुरीला बसमधूनच हात जोडावेत.

दहाच्या सुमारास मोरगाव. वेळ मुद्दाम सकाळची धरली आहे. देवळात अनवाणी जायचं असतं आणि उन्हाळ्यात दुपारी फरशी तापते. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असते. चटका कळत नाही आणि फोड दिसतो तो रात्री मोजे काढताना. अशांनी जाड सुती मोजे घालावेत, संयोजकांनी बस शक्य तितकी जवळ न्यावी आणि चपला देवळाच्या दारापर्यंत पायात राहू द्याव्यात. ‘चपला बसमध्येच ठेवा’ असं सांगणारा संयोजक ज्येष्ठांच्या सहलीला नको. संकष्टी शनिवार-रविवारी आली तर तारीखच बदलावी, कारण तासभर रांगेत उभं राहणं हे यातल्या कित्येकांना झेपत नाही.

मुक्काम बारामतीला. साडेबाराला जेवण म्हणजे साडेबारालाच, कारण इन्सुलिन घेतलेला माणूस ‘पुढचं देऊळ करून जेवू’ म्हणत थांबू शकत नाही. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत हवी, न्हाणीघरात धरायला दांडी हवी. दुपार आणि संध्याकाळ मोकळी ठेवायची. संयोजकांना ही जागा भरायचा मोह होतो, तो त्यांनी आवरावा.

रविवारी आठला निघून सिद्धटेक. भीमाकाठचा हा गणपती उजव्या सोंडेचा, आणि गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. देऊळ टेकडीला लागून असल्यामुळे पूर्ण प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा. तो ज्यांना झेपेल त्यांनी घ्यावा, पण बाकीच्यांना सावलीत बसायला जागा आणि सोबतीला सहलीचा एक माणूस हवाच. ‘कमीत कमी चालणे’ असं नुसतं छापलेलं असलं तर फोन करून विचारावं: बस थांबते तिथून गाभाऱ्यापर्यंत किती पावलं, किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला? बसच्या पहिल्या पायरीखाली ठेवायला स्टूल आहे का, हेही विचारावं. ती पायरी उंच असते आणि उतरताना तोल तिथेच जातो.

परतीला दौंडकडून सोलापूर रस्त्याने दुपारी चारच्या सुमारास थेऊर. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये इथेच वारले. अंधार पडायच्या आत पुणे.

क्रम पाळणाऱ्यांना इथे एक अडचण दिसेल. परंपरेच्या क्रमात मोरगाव पहिलं, सिद्धटेक दुसरं, पण थेऊर पाचवं. पत्रकात हे आधीच सांगितलेलं असावं. तसा आग्रह असणाऱ्या गटाने दौंडहून सरळ घरी यावं, पुढच्या खेपेला रायगडातले पाली आणि महड करावेत आणि त्यानंतर थेऊर. लेण्याद्री मात्र कोणत्याही खेपेत घेतलं तरी ३०० च्या आसपास पायऱ्या चुकत नाहीत. डोलीचे पैसे सहलीच्या रकमेत धरलेत का, आणि जे वर जाणार नाहीत त्यांच्याजवळ खाली कोण थांबणार, ही दोन उत्तरं पैसे भरण्याआधी लेखी घ्यावीत.