दिवसभर उभं राहणाऱ्यांचे बूट

शिरूरच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये काम करणाऱ्या ताईंची तक्रार अशी: सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं. दहा-बारा पावलं चाललं की कमी होतं, आणि रात्री घरी येताना पुन्हा ठणकतं. पायात काळी, पातळ तळाची बेली. दुकानात नीटनेटकी दिसते, पण खाली चकचकीत टाइल. माती दबते, टाइल दबत नाही. त्यामुळे दिवसभराचा सगळा भार टाचेवर आणि तळव्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर येतो. दौंडला उपकरणांच्या दुकानात असलेल्या त्यांच्या भावाचं दुखणं वेगळं होतं. कडक सोलच्या निमुळत्या फॉर्मल बुटात त्याची बोटं चेपली जात होती.

दोघांनाही एकच मार्ग लागू पडला. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची आकृती काढा आणि कापून घ्या. दुकानात ती बुटाच्या आत सरकवा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, मग कितीही सुंदर असो, घेऊ नका. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नाही. टाचेची गादी अंगठ्याने दाबा. लगेच तळाला टेकली तर ती दोन-चार आठवड्यांत चपटी होईल. अतिमऊ गादीत पाय डुगडुगतो, म्हणून मऊपणासोबत दाबल्यावर परत वर येणारा जोर हवा. टाच दोन-तीन सेंटिमीटर उंच चालते. तळ रबराचा आणि बारीक खाचांचा घ्या. गुळगुळीत प्लास्टिकचा तळ ओल्या टाइलवर घसरतो.

दिसायला नीट हवं तर वरचा भाग, तळ आणि नाडी तिन्ही काळ्या असलेला साधा बूट निवडा. आतला सोल निघणारा असेल तर सर्वांत बरं, कारण तो काढून त्याच जागी जाड सोल बसतो. जुन्यावरच नवा घातला तर बूट घट्ट होतो.

बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल, तर गादी संपली.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यानुसार, तो लागू असलेल्या दुकानात सलग ठरावीक तासांपेक्षा जास्त काम करायचं असेल तर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. त्या वेळात बूट काढून बसा.

मधुमेह असेल, पाय बधिर वाटत असेल किंवा टाचेचं दुखणं काही आठवडे थांबत नसेल, तर नवा बूट शोधत न बसता सरकारी दवाखान्यात पाय दाखवा.