मधल्या शाफ्टवर गिअर एक की दोन?

लेथवर आटे पाडताना टर्नरला एक हिशेब चोख ठेवावा लागतो. चकमध्ये धरलेलं काम एक फेरा फिरलं, की हत्यार बरोबर एका पिचएवढंच सरकलं पाहिजे. दीड मिलिमीटर पिचचे आटे हवे असतील तर दर फेऱ्याला दीड मिलिमीटर, जास्तही नाही आणि कमीही नाही. हाताने चाक फिरवून हे साधत नाही. म्हणून काम फिरवणारा स्पिंडल आणि हत्याराचा कॅरेज ओढणारा लीड स्क्रू यांना गिअरच्या माळेने बांधून टाकलेलं असतं. १८००च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने अशी बदलता येणाऱ्या गिअरची लेथ नीट बसवून दाखवली. लेथच्या डाव्या टोकाचं झाकण आजही उघडलं, की तीच मांडणी समोर दिसते.

लीड स्क्रूचा पिच ६ मिलिमीटर आहे असं धरू. दीड मिलिमीटरचे आटे पाडायचे तर स्पिंडलच्या एका फेऱ्याला लीड स्क्रूने पाव फेराच फिरायचं. म्हणजे वर ३० दात्यांचा गिअर आणि लीड स्क्रूवर १२० दात्यांचा. पण या दोघांच्या मध्ये जागा उरते, त्यांचे दाते एकमेकांना लागतच नाहीत. मग मधल्या शाफ्टवर एक गिअर बसवतात, समजा ६० दात्यांचा. आता प्रमाण बदललं का? पहिल्या जोडीत ३०/६०, दुसऱ्या जोडीत ६०/१२०. गुणाकार केला की वरचे आणि खालचे ६० कटतात आणि उरतं तेच, ३०/१२०. मधला गिअर ४५ चा घ्या नाहीतर ८५ चा, उत्तर पाव फेराच. हा आयडलर. एका बाजूने जितके दाते घेतो तितकेच दुसऱ्या बाजूने देतो, म्हणून वेगाच्या हिशेबात तो दिसत नाही.

दिशेच्या हिशेबात मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही. दोन गिअर थेट एकमेकांत अडकले की उलटसुलट फिरतात. मध्ये आयडलर आला की पहिला आणि शेवटचा पुन्हा एकाच दिशेने फिरू लागतात. गिअर किती आणि केवढे हे पाहायची गरजच नाही. दाते एकमेकांत किती ठिकाणी अडकलेत तेवढं मोजायचं. सम संख्या आली तर टोकाचे दोघे एकाच दिशेने, विषम आली तर उलट.

लेथवर हाच नियम टंबलर गिअरमध्ये वापरलेला आहे. स्पिंडलच्या गिअरखाली एका हलत्या ब्रॅकेटवर दोन छोटे आयडलर बसवलेले असतात. हँडल एका खाचेत ठेवलं तर त्यातला एकच कामाला लागतो, दुसऱ्या खाचेत ठेवलं तर दोन्ही. मधल्या खाचेत काहीच अडकत नाही आणि लीड स्क्रू थांबतो. एक आयडलर कामात असताना टंबलरमध्ये दोन ठिकाणी दाते अडकतात. त्यापुढे बदलत्या गिअरच्या माळेत, मघाच्या ६० सारखा एक आयडलर असेल तर, आणखी दोन ठिकाणी. एकूण चार, म्हणजे लीड स्क्रू कामाच्याच दिशेने फिरतो. नेहमीच्या उजव्या आट्यांच्या लीड स्क्रूवर असं झालं की उजवे आटे पडतात. हँडल दुसऱ्या खाचेत गेलं की चाराचे पाच होतात, कॅरेज उलट चालतो आणि डावे आटे पडतात. सायकलचं डावं पायडल उलटं फिरवून काढावं लागतं, ते याच डाव्या आट्यांमुळे. मशीन चालू असताना हे हँडल कधीही हलवायचं नाही. अर्धवट अडकलेल्या दात्यांवर सगळा जोर येतो आणि ते तुटतात.

आयडलर थोडा लवकर थकतो, त्याचंही कारण याच मांडणीत आहे. त्याच्या प्रत्येक दात्याला मागचा गिअर एका अंगाने ढकलतो आणि तोच दाता पुढच्या गिअरला दुसऱ्या अंगाने ढकलतो. एका फेऱ्यात दाता एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. म्हणून यंत्राचं डिझाइन करणारे आयडलरच्या दात्यावर तुलनेने कमी भार धरतात.

आता पाऊण मिलिमीटरचे बारीक आटे घेऊ. प्रमाण येतं १/८. वीस दात्यांचा गिअर लावला तर समोर १६० चा हवा. एवढा मोठा गिअर बहुतेक संचांत नसतोच, आणि असला तरी बसायला जागा नाही. इथे मधल्या शाफ्टवर एकाऐवजी दोन गिअर एकाच बुशवर चावीने जोडून बसवतात. वरचा २० मधल्या ८० ला फिरवतो. त्या ८० बरोबर फिरणारा ३० पुढे लीड स्क्रूवरच्या ६० ला फिरवतो. २०/८० गुणिले ३०/६० म्हणजे पाव गुणिले अर्धा, बरोबर १/८. आता काहीच कटत नाही, कारण मधला शाफ्ट एका आकड्याने घेतो आणि वेगळ्याच आकड्याने देतो. ही कंपाउंड माळ. दाते अजून दोनच ठिकाणी अडकलेत, त्यामुळे दिशा साध्या आयडलरच्या वेळी होती तीच राहते. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो आणि विनाकारण टंबलर बदलून बसतो.

गिअर बसवताना दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून बोल्ट आवळतात आणि मग पट्टी फिरवून काढून घेतात. तेवढी मोकळीक पुरते. ती कमी पडली तर माळ रडल्यासारखी आवाज करते, जास्त झाली तर खडखडते. शेवटी कामावर हत्याराची नुसती एक रेघ ओढून पिच गेज लावतात. हिशेब चुकला असेल तर तो इथेच कळतो, काम वाया जात नाही.

मधल्या शाफ्टचा तिसरा उपयोग हेडस्टॉकमध्ये सापडतो. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथवर पायऱ्यांची पुली स्पिंडलवरच बसलेली असते आणि तिच्यामागे बॅक गिअर. जड कट घ्यायचा किंवा आटे पाडायचे तर वेग खूप कमी आणि जोर खूप हवा. म्हणून पुलीची शक्ती शेजारच्या शाफ्टवर उतरवतात आणि परत त्याच स्पिंडलवर आणतात. पुलीला जोडलेला २८ चा गिअर मागच्या ८४ ला फिरवतो. त्या शाफ्टवरचाच दुसरा २८ स्पिंडलवर पक्क्या केलेल्या ८४ च्या बुल गिअरला फिरवतो. दोनदा तिप्पट म्हणजे वेग नवव्या हिश्शावर येतो, आणि घर्षणात जाईल ते सोडून जोर जवळजवळ नऊपट होतो. जिथून निघालो त्याच आसावर परत येणाऱ्या या माळेला रिव्हर्टेड म्हणतात. दाते दोन ठिकाणी अडकतात, म्हणून चक पुलीच्याच दिशेने फिरतो.

इथे एक अट पाळावीच लागते. दोन्ही जोड्या त्याच दोन शाफ्टांमध्ये बसवायच्या असल्याने दोन्हींचं अंतर सारखं हवं. दात्याचं माप दोन्हीकडे एकच असेल तर दात्यांची बेरीजही सारखी यावी लागते. इथे ती ११२ आहे. मॉड्यूल ३ धरला तर अंतर येतं १६८ मिलिमीटर. बेरीज जुळत नसेल तर एका जोडीचं मॉड्यूल बदलावं लागतं. तसं मुद्दामही करतात, कारण दुसऱ्या जोडीवर तिप्पट जोर येतो आणि तिथे जाड दाते बरे.

बॅक गिअर लावण्याआधी पुली आणि बुल गिअर यांना जोडणारी पिन काढायची असते. ती राहिली तर पुली एकाच वेळी स्पिंडलच्याच वेगाने आणि त्याच्या नऊपट वेगाने फिरायला हवी, असं होऊन बसतं. ते शक्य नसल्याने सगळं जागच्या जागी अडकतं. काही जण याचाच फायदा घेऊन स्पिंडल अडकवतात आणि घट्ट बसलेला चक हातोडा मारून सोडवतात. त्या धक्क्याने बॅक गिअरचे एक-दोन दाते उडतात. जुनी लेथ विकत घेताना म्हणूनच पिन काढून बॅक गिअर लावावा, स्पिंडल हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा आणि बुल गिअरचा दाता न् दाता पाहून घ्यावा.