मोठ्या शिशूचा निरोप, पहिलीची तयारी

बालवाडीचा निरोप समारंभ अर्ध्या तासात आटपावा. पुढे मुलं कंटाळतात, रडू लागतात. आधी सगळ्यांचं एक बडबडगीत, मग एकेकाला नावानं पुढे बोलवायचं. ताईंनी एवढंच म्हणावं : "ही आमची सई. हिला मुंग्या बघत बसायला फार आवडतं." माइकसमोर मूल गप्प झालं, तर पाठ केलेलं भाषण वदवून घेऊ नये. टाळ्या वाजवून खाली न्यावं.

शेवटी पालकांसाठी निवेदन : "पहिलीत बाकावर जास्त वेळ बसावं लागेल. मे महिन्यात अक्षरं गिरवून घेण्यापेक्षा डबा उघडणं, चपला घालणं, शू लागल्याचं बाईंना सांगणं मुलांना स्वतः करू द्या. जूनमध्ये मूल रडलं, तरी शाळेच्या दारात रेंगाळू नका. किती वाजता न्यायला येणार ते सांगा आणि वेळेवर या."