हॉटेलच्या भागीदारीला नाही म्हणताना

मित्र हॉटेल काढतोय, गाळा बघून ठेवलाय आणि तुम्हाला निम्मी भागीदारी देऊ करतोय. तुम्हाला पगाराची नोकरी सोडायची नाही. अशा वेळी ‘बघू, सध्या जरा अडचण आहे’ असं कळवलं, की तो तुमचे पैसे धरूनच डिपॉझिट भरतो आणि अडकतो. म्हणून नकार त्याआधीच कळवावा, तोही स्पष्ट.

‘नोकरी कर, नुसते पैसे घाल,’ हा आग्रह हमखास होतो. पण १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार धंद्याच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. किराणावाल्याची उधारी थकली, तर तो गल्ल्यावर न बसणाऱ्या भागीदाराकडेही पूर्ण रक्कम मागू शकतो.

निरोप असा लिहिता येईल:

‘सुन्या, मला विचारलंस, बरं वाटलं. पण मी भागीदारीत येत नाही. घराचा हप्ता पगारातून जातो. हॉटेलचा जम बसेपर्यंत पगाराविना काढणं मला झेपणार नाही. पैसेही घालत नाही, माझा हिस्सा धरू नकोस. गाळ्याचा करार मात्र सहीआधी दाखव, रविवारी बसून वाचू.’

इथे कारण एकच आहे आणि ते स्वतःचं आहे. जागेला किंवा मेनूला नावं ठेवली, तर तो ते बदलून पुन्हा विचारायला येतो.