दगडावर कपडे आपटताना शरीर काय करते?

लष्करातल्या वाड्यांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या कानात धुण्याचे दोन आवाज अजून असतील. एक विहिरीजवळच्या फरशीवरचा, थप् थप् थप् असा जवळजवळचा. दुसरा धोब्यांच्या घाटावरचा, मध्ये बरेच अंतर सोडून येणारा, पण दूरवर ऐकू जाणारा. पहिला आवाज आजीचा आणि दुसरा कक्कांचा. आजी कपडे धोपटत असे, कक्का आपटत असत. शब्द दोन आहेत, कारण कामेही दोन वेगळी आहेत.

कक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचे कपडे नेणारे धोबी. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या चादरी उशिरा येऊ लागल्या आणि पहिल्यासारख्या पांढऱ्याही राहिनात. विचारले की म्हणायचे, "बाबूजी, हाथ ऊपर जात ही नहीं।" आम्ही सगळ्यांनी ते बहाणा समजून घेतले आणि एकेका घराने धोबी बदलला. बँकेतून निवृत्त झाल्यावर आमचा स्वतःचा उजवा खांदा धरला. व्यायामोपचार देणाऱ्या बाईंनी हात वर कसा जातो ते समजावून सांगितले, तेव्हा कक्कांचे ते वाक्य आठवले. हा लेख त्यातूनच लिहीत आहोत.

आधी कपड्याकडे पाहू. साबण किंवा सोडा मळ सुटा करतो, पण तो सुताच्या विणीत अडकून राहतो. भिजलेला कपडा दगडावर आपटला की विणीतले पाणी एकदम दाबले जाऊन बाहेर फेकले जाते आणि जाताना मळ घेऊन जाते. म्हणून कपडा ओलाच हवा. अर्धवट सुकलेला कपडा आपटला तर मळ निघत नाही, फक्त सूत झिजते. दगडही गुळगुळीत हवा. आपल्याकडचा वालुकाश्म नवा असताना खरखरीत असतो, त्यामुळे धुण्यासाठी वर्षानुवर्षे वापरून झिजलेली फरशीच सगळ्यांना हवी असायची.

आता एक चादर घेऊ. मोठी सुती चादर कोरडी असताना साधारण ८०० ग्रॅम भरते. पाणी निथळत असताना तीच अडीच किलोच्या आसपास जाते. कक्का ती लांबट गोळा करत, एक पीळ देत आणि एक टोक दोन्ही मुठींत धरत. एक पाय पुढे, एक मागे. मग चादर उजव्या खांद्यावरून मागे जाई, क्षणभर पाठीवर लोंबे आणि समोरच्या उतरत्या दगडावर येऊन आदळे.

या एका फेऱ्यात पहिले काम हात वर नेण्याचे. खांद्यावर गोल टोपीसारखा बसलेला डेल्टॉइड हा स्नायू दंड उचलतो. पण तो एकटा हे करू शकत नाही. दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ वाटीत बसलेला असतो, आणि डेल्टॉइड जोराने ओढू लागला की तो गोळा वर सरकू पाहतो. त्याला वाटीत धरून ठेवायला चार लहान स्नायू आहेत. त्यांतल्या सर्वांत वरच्या स्नायूची शीर खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, एखाद्या बुटक्या छपराखालून जावी तशी जाते. हे छपर वाटेतून दूर व्हावे म्हणून हात वर जाताना पाठीवरचे खांद्याचे पातेही फिरते. हात पूर्ण वर गेला तर ढोबळमानाने दोन हिस्से हालचाल सांध्यात होते आणि एक हिस्सा पात्याची असते. पाते फिरवणारे पाठीचे आणि बरगड्यांवरचे स्नायू थकले की पाते मागे पडते, छपर जागेवरच राहते आणि शीर त्याखाली चिमटली जाते.

दुसरे काम आपटण्याचे. इथे बघणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो. आपल्याला वाटते, आपटताना खांद्याची ताकद लागते. खरे तर चादर खाली येताना वजन मदतीला असते. जोर पोटाच्या स्नायूंतून येतो, धड पुढे झुकते आणि थोडे वळते. त्यामागोमाग पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू आणि छातीचे स्नायू दंड खाली ओढतात. शेवटी मनगट झटका देते. पाय, कंबर, खांदा, मनगट असा वेग पुढे पुढे सरकत जातो आणि चादरीचे मोकळे टोक चाबकासारखे सर्वांत जास्त वेगाने दगडावर पडते. कसलेला धोबी दमल्यासारखा दिसत नाही तो यामुळे. नवशिका धड ताठ ठेवून नुसत्या हातांनी आपटतो आणि तासाभरात त्याचे खांदे भरून येतात.

कपडा आपटण्यात एक फायदाही आहे. कपडा लवचीक असल्यामुळे दगडाचा धक्का मुठीपर्यंत फारसा परतत नाही. आजीच्या हातातल्या लाकडी धोपाटण्याने, म्हणजे इकडच्या भाषेत मोगरीने, तो धक्का थेट मनगटात आणि कोपरात येतो. उलट मोगरीसाठी हात छातीच्या वर न्यावा लागत नाही. म्हणजे धोपटण्याचा भार मनगट-कोपरावर आणि आपटण्याचा भार खांद्यावर पडतो.

बँकेची सवय सुटत नाही, म्हणून थोडा हिशेब. समजा एका चादरीला बारा वेळा आपटले आणि दिवसाला चाळीस चादरी झाल्या, तर पाचशेच्या जवळपास फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात अडीच किलोची चादर वर जाते, पण नुसती चादर नाही, हातही वर जातात. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो. ५५ किलोच्या माणसाचे दोन हात साडेपाच किलो झाले. म्हणजे एका फेऱ्याला आठ किलो आणि दिवसाला चार टन.

कमरेचा हिशेब याहून कडक आहे. कमरेवरचे शरीर धरले तर आपल्या या माणसाचे सुमारे ३५ किलो होते. तो आडवा होईपर्यंत वाकला, तर हे वजन कण्याच्या तळापासून २५ सेंटिमीटर किंवा अधिक पुढे पडते. ते सावरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. तराजूच्या न्यायाने त्यांना पाचपट, म्हणजे पावणेदोनशे किलोंचा ताण द्यावा लागतो, आणि हे हातात काहीही नसताना. तोच माणूस तीस अंशांपर्यंतच वाकला तर हा ताण साधारण निम्मा होतो.

घाटावरचा दगड मांडीच्या उंचीला आणि उतरता का असतो, याचे उत्तर इथे मिळते. मुंबईच्या महालक्ष्मी स्थानकाजवळच्या धोबीघाटातही प्रत्येक हौदाला आपटायचा दगड असतो, तो असाच उचललेला. आमच्या वाड्यातली फरशी जमिनीलगत होती. नऊवारी नेसून त्या फरशीवर वाकून आजी रोज धुणे धूत असे आणि मग कमरेवर हात ठेवूनच उभी राहत असे. ती वयामुळे वाकली असे आम्ही मानत आलो. त्यात फरशीच्या उंचीचाही वाटा असावा.

आता बिघाड कुठे होतो आणि तो ओळखायचा कसा. खांद्याची शीर चिमटत असेल तर हात बाजूने वर नेताना सुरुवातीला दुखत नाही, मधल्या टप्प्यात, साधारण खांद्याच्या पातळीच्या थोडे खाली-वर, कळ येते आणि पूर्ण वर गेल्यावर ती कमी होते. त्या कुशीवर झोपले की रात्री जाग येते. शीर फाटली असेल तर स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने धरून उचलला तर बराच जातो. खांदा आखडला असेल, आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त होते, तर दुसऱ्याने उचलूनही जात नाही. या तिन्हींवरचे उपचार वेगवेगळे आहेत. म्हणून 'खांदा धरला' एवढ्यावर थांबून तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मनगटाचा त्रास बहुधा आपटण्यापेक्षा पिळण्यातून होतो. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला दोन शिरा एका अरुंद नळीतून जातात, आणि पीळ घालताना त्या नळीत घासतात. स्विस शल्यचिकित्सक दे कर्वेन यांनी १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले, आणि इंग्रजीत त्याला धोबिणीची लचक अशा अर्थाचे नावही होते. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवावे. अंगठ्याच्या बुडाशी तीव्र कळ आली तर हे दुखणे असण्याची शक्यता आहे.

आपल्या घरांत यंत्र आले, तरी गोधडी, सतरंजी, पायपुसणी अजून गच्चीवर किंवा न्हाणीघरात हातानेच धुतली जातात. तेव्हा चार गोष्टी सांभाळाव्यात. दगड किंवा पाट मांडीच्या उंचीला घ्यावा, नाहीतर सरळ खाली बसून धोपटावे, उभे राहून ओणवे होऊ नये. जड कपडा दोन्ही टोकांकडून अर्धा अर्धा धुवावा, म्हणजे एका वेळी निम्मेच वजन उचलले जाते. हात कानाच्या वर नेऊ नये, छातीपर्यंतचा फेरा घरच्या मळाला पुरतो. आणि पिळण्याऐवजी कपडा घडी करून दाबून निथळत ठेवावा. साठी उलटलेल्यांनी आपटण्याचा मोह सोडलेलाच बरा, कारण या वयात खांद्याच्या शिरा काहीही न करताही झिजलेल्या असतात.

कक्का तीस वर्षे फक्त उजव्या खांद्यावरून आपटत आले. कुणी त्यांना बाजू बदलायला सांगितले नाही आणि सांगितले असते तरी दिवसाच्या चाळीस चादरी डाव्या हाताने झाल्या नसत्या. खांदा त्यांना मधल्या टप्प्यात अडत होता. ते हात अर्ध्यावर नेऊन थांबत, पापण्या मिटत, मग बाकीचा फेरा पुरा करत. हे आम्ही घाटावर स्वतः पाहिले होते आणि त्याला कामचुकारपणा म्हटले होते. कक्का आता नाहीत. त्यांचा नातू त्याच गल्लीत इस्त्रीचे दुकान चालवतो. मागच्या महिन्यात त्याच्या टेबलाखाली आम्ही दोन विटा लावून दिल्या, कारण तो दिवसभर वाकून उभा होता.