हप्ता तोच राहिला, पण मुद्दल?

तीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षांची मुदत, ६.९० टक्के दर आणि पहिला महिना एप्रिल २०२२. हप्ता बसतो २३,०७९ रुपये. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्या काळात घर घेतलेल्या अनेकांना ते ओळखीचे वाटतील. रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. त्यावर बँकेचे २.९० टक्के धरले की ६.९० होतात. मे २०२२पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर नेला. हप्ता मात्र कित्येकांच्या खात्यातून पूर्वीइतकाच जात राहिला. त्यामुळे काही बदललंय हे लक्षात यायला वेळ लागला.

काय बदललं होतं ते पाहायचं तर महिन्याला एक ओळ असा तक्ता हवा. इंटरनेटवरचे ईएमआय कॅलक्युलेटर इथे उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यात दर एकदाच टाकता येतो आणि तो शेवटपर्यंत तोच धरला जातो. आपल्या कर्जाचा दर मधल्या ठरावीक महिन्यांत बदलतो. १ ऑक्टोबर २०१९नंतर बँकांनी दिलेली तरत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावा लागतो. रेपो बदलला त्याच दिवशी आपला दर बदलतो असं नाही. करारात जो महिना ठरला असेल, त्या महिन्यात तो बदलतो. आपल्या उदाहरणात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर हे ते महिने धरू.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये दोन पानं घ्या. एका पानाला Rates हे नाव द्या. त्याच्या A रकान्यात दर लागू झाल्याची तारीख आणि B मध्ये दर लिहायचा. दर बदलला तेवढ्याच महिन्यांच्या ओळी इथे येतात: १ एप्रिल २०२२ला ६.९०, १ जुलैला ७.८०, १ ऑक्टोबरला ८.८०, १ जानेवारी २०२३ला ९.१५, १ एप्रिल २०२३ला ९.४०. C रकान्यात 0 किंवा 1 लिहायचं. त्याचा अर्थ पुढे येईल. सध्या सगळीकडे 0 असू द्या. याच पानावर F1 मध्ये कर्जाची रक्कम आणि F2 मध्ये 240 हे महिने लिहून ठेवा.

दुसऱ्या पानावर खरा तक्ता. रकाने असे: A महिन्याचा क्रमांक, B महिन्याची पहिली तारीख, C सुरुवातीची शिल्लक, D दर, E व्याज, F हप्ता, G मुद्दलात गेलेली रक्कम, H अखेरची शिल्लक. मथळे पहिल्या ओळीत, पहिला महिना दुसऱ्या ओळीत. A2 मध्ये 1, B2 मध्ये 1-Apr-2022, C2 मध्ये =Rates!F1, आणि मग:

```
D2: =VLOOKUP(B2,Rates!$A$2:$B$40,2,TRUE)
E2: =ROUND(C2*D2/12,0)
F2: =ROUND(PMT(D2/12,Rates!$F$2,-C2),0)
G2: =F2-E2
H2: =C2-G2
```

सगळ्यात महत्त्वाची ओळ पहिली. VLOOKUP च्या शेवटी TRUE लिहिलं की तो नेमकी तीच तारीख शोधत बसत नाही. त्या तारखेपर्यंतची सगळ्यात अलीकडची नोंद घेतो. म्हणून ऑगस्ट २०२२च्या ओळीत तो जुलैचा ७.८० आपोआप आणतो. FALSE लिहिलंत तर दर बदललेल्या महिन्यांतच आकडा दिसेल आणि बाकी ठिकाणी #N/A येईल. पण TRUE नीट चालायला तारखा चढत्या क्रमानेच हव्यात. बरेच जण दर हाताने टाकून खाली ओढत नेतात. तसं केलं तर पुढच्या बदलाच्या वेळी नेमक्या कुठल्या ओळीपासून आकडा बदलायचा हे शोधावं लागतं आणि चूक तिथेच होते. वेगळ्या पानावर यादी असली की नवा दर म्हणजे फक्त एक नवी ओळ.

तारखेची एक चूक फार फसवी आहे. 01/07/2022 असं टाकलं आणि शीट अमेरिकी पद्धतीवर असेल, तर तो १ जुलै न धरता ७ जानेवारी धरतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त दर चुकीच्या महिन्यात लागतो. म्हणून महिन्याचं नाव अक्षरात लिहावं: 1-Jul-2022. शंका असेल तर शेजारच्या रिकाम्या खान्यात =MONTH(A3) टाकून 7 येतो का ते पाहावं. दरही 7.80% असा टक्क्याच्या चिन्हासह लिहायचा. नुसतं 7.8 लिहिलं तर शीट ७८० टक्के समजेल. ती चूक मात्र व्याजाच्या रकान्यात लगेच डोळ्यांत भरते.

आता तिसरी ओळ, म्हणजे दुसरा महिना:

```
A3: =A2+1
B3: =EDATE($B$2,A3-1)
C3: =H2
F3: =MIN(C3+E3,IF(OR(D3=D2,
    VLOOKUP(B3,Rates!$A$2:$C$40,3,TRUE)=0),
    F2,ROUND(PMT(D3/12,Rates!$F$2-A3+1,-C3),0)))
```

D, E, G आणि H वरच्याच ओळीतून खाली ओढा. मग ही अख्खी ओळ तीनशे-चारशे ओळींपर्यंत ओढत न्या. हप्त्याचं सूत्र लांब दिसतं, पण ते सांगतं ते साधं आहे. दर मागच्या महिन्याइतकाच असेल किंवा यादीत 0 असेल, तर मागचाच हप्ता ठेव. दर बदलला आणि यादीत 1 असेल, तर उरलेली शिल्लक उरलेल्या महिन्यांत फिटेल असा नवा हप्ता काढ. बाहेरचा MIN शेवटच्या महिन्यासाठी आहे. उरलंय त्यापेक्षा जास्त भरलं जाऊ नये म्हणून.

सूत्रातल्या +1 कडे लक्ष असू द्या. जुलै २०२२ हा चौथा महिना. तीन हप्ते भरून झालेत, म्हणजे २३७ उरलेत, आणि २४० वजा ४ अधिक १ म्हणजे २३७च. हा एक महिना इकडचा तिकडे झाला तर तक्ता दिसायला बरोबर वाटतो. तपासायचं कसं? यादीत सगळीकडे 1 ठेवून २४०व्या महिन्याची अखेरची शिल्लक पाहायची. रुपये पूर्णांकात धरल्यामुळे शंभर-दोनशे रुपये इकडेतिकडे राहिले तर ठीक. हजारांत फरक असेल तर महिन्यांची मोजणी चुकली आहे.

आता यादीत परत सगळीकडे 0 करा, म्हणजे हप्ता २३,०७९वरच राहील, आणि G रकाना वाचत खाली या. मला हा रकाना सगळ्यात बोलका वाटतो. एप्रिल २०२२मध्ये मुद्दलात ५,८२९ रुपये गेले. जुलैत दर ७.८० झाला आणि मुद्दलात गेले ३,६९३. ऑक्टोबरमध्ये १,२९०. जानेवारी २०२३मध्ये ४५३. आणि एप्रिल २०२३मध्ये, ९.४० टक्के दराला, महिन्याचं व्याजच २३,२३४ रुपये होतं. हप्त्याहून १५५ रुपये जास्त. G मध्ये उणे १५५ येतं आणि शिल्लक २९,६५,९९४ वरून २९,६६,१४९ होते. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढलं.

हे घडणार याची चाहूल आधीच लागावी म्हणून I रकान्यात एक सूत्र ठेवा:

```
I2: =NPER(D2/12,-F2,C2)
```

या दराने आणि या हप्त्याने अजून किती महिने लागतील हे ते सांगतं. जुलै २०२२मध्ये २३७ महिने उरायला हवेत, तिथे ते जवळजवळ २८३ दाखवतं. ऑक्टोबरमध्ये ३९५. जानेवारीत ५१८, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. एप्रिल २०२३मध्ये #NUM! येतं. तो शीटचा बिघाड नाही. या हप्त्याने हे कर्ज कधीच फिटणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात नेमकं याच गोष्टीला हात घातला. मुदत वाढवताना थकीत मुद्दल वाढत जाईल अशी वेळ येऊ देऊ नये, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडंथोडं हे कर्जदाराला निवडू द्यावं, आणि दर तिमाहीला किती मुद्दल व व्याज वसूल झालं आणि किती हप्ते उरले याचं विवरण द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. त्या विवरणातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा आणि आपला I रकाना शेजारी ठेवून पाहावेत.

निवड करण्यासाठीच C रकान्यातले 0 आणि 1 आहेत. सगळीकडे 1 करून पाहा. हप्ता जुलै २०२२मध्ये २४,७०६ होतो, ऑक्टोबरमध्ये २६,५५८, जानेवारीत २७,२१५ आणि एप्रिल २०२३मध्ये २७,६८४. पहिल्या हप्त्यापेक्षा ४,६०५ रुपये जास्त. पगारावर जगणाऱ्या घराला ही वाढ सोपी नाही, आणि पहिल्या तीन वेळी 0 निवडणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण तसं करून एप्रिल २०२३ला 1 निवडलं, तर वीस वर्षांच्या मूळ मुदतीत परत यायला हप्ता २७,९५२ लागतो. मधल्या नऊ महिन्यांच्या सवलतीची किंमत पुढे दरमहा २६८ रुपये.

तक्ता आणि बँकेचं स्टेटमेंट तंतोतंत जुळलं नाही तर घाबरू नका, आधी व्याज मोजायची पद्धत पाहा. आपलं सूत्र वर्षाचे बारा सारखे भाग करतं. काही ठिकाणी व्याज प्रत्यक्ष दिवसांवर मोजतात. ओळखायची खूण सोपी: फेब्रुवारीचं व्याज शेजारच्या महिन्यांपेक्षा ठळक कमी असेल तर मोजणी दिवसांची आहे. २९,६५,९९४ रुपयांवर ९.४० टक्क्यांनी ३१ दिवसांच्या महिन्याचं व्याज २३,६७९ होतं आणि २८ दिवसांचं २१,३८८. तसं असेल तर E रकान्यात हे घाला:

```
E2: =ROUND(C2*D2*(EDATE(B2,1)-B2)/365,0)
```

दर महिन्याच्या मधल्या तारखेला बदलत असेल तर मात्र त्या एका महिन्याचं व्याज दोन तुकड्यांत हाताने मोजावं लागतं. आपला तक्ता महिन्याच्या पहिल्या तारखेचा दर पूर्ण महिन्याला लावतो. तो फरक त्या एका ओळीपुरता असतो, पुढच्या महिन्यापासून दर आपोआप बरोबर लागतो.

२०२५मध्ये रेपो खाली आला. यादीत १ एप्रिल २०२५ला ९.१५ आणि १ जुलै २०२५ला ८.४० अशा दोन ओळी वाढवा. वर्षाचे बारा सारखे भाग ही मूळ पद्धत आणि सुरुवातीपासून 0 धरलं, तर जुलैच्या ओळीत सुमारे २९,६८,७५० रुपये शिल्लक दिसते. एकोणचाळीस हप्ते भरून जेमतेम एकतीस हजार मुद्दल कमी झालंय. दर एक टक्क्याने उतरूनही २३,०७९च्या हप्त्याने अजून ३३१ महिने लागतील, असं I रकाना सांगतो. त्याच ओळीसाठी 0 चा 1 करा: मार्च २०४२मध्ये, ठरल्या वेळी, कर्ज संपवायचं असेल तर हप्ता २७,५६४ येतो.